देश स्वतःशीच ताडून पाहिला, तर: ‘इन्कम अँड डेमॉक्रसी’ या निबंधाविषयी

मंडळी, आज एकाच निबंधाविषयी बोलायचं आहे. २००८ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये तो आला. लेखक चार: दारोन असेमोग्लू, सायमन जॉन्सन, जेम्स रॉबिन्सन आणि पिएर यारेड. यातल्या पहिल्या तिघांना २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामुळे नावं तुमच्या कानावरून गेली असतील. निबंधाचं नाव साधं आहे, ‘इन्कम अँड डेमॉक्रसी’, म्हणजे उत्पन्न आणि लोकशाही. तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम? माझं काम एवढंच आहे की या निबंधातला कळीचा मुद्दा अर्थशास्त्राचा नाही, तुलनेचा आहे. कोणाची तुलना कोणाशी केली म्हणजे काय सिद्ध होतं, हा प्रश्न तर्कशास्त्राच्या अंगणातला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९५९ मध्ये सीमोर मार्टिन लिप्सेट या समाजशास्त्रज्ञाने मांडलं की, जे देश सधन असतात तिथे लोकशाही रुजण्याची शक्यता जास्त. मग चाळीस-पन्नास वर्षं हे विधान जवळजवळ नियमासारखं वापरलं गेलं. आपल्याकडे ‘आधी पोट भरू द्या, मतपेटी नंतर’ असं जे ऐकू येतं, ते याच विधानाच्या आधाराने ऐकू येतं. असेमोग्लू आणि मंडळींनी म्हटलं, थांबा, हे पुन्हा तपासू.

त्यांची आकडेवारी पॅनेल प्रकारची. म्हणजे काय, तर अनेक देश, आणि प्रत्येक देशाच्या अनेक वर्षांच्या नोंदी. १९६० ते २००० हा काळ, पाच-पाच वर्षांचे टप्पे, १५० देश, सगळ्या मिळून ९४५ ओळी. लोकशाहीचं माप फ्रीडम हाउस या संस्थेच्या राजकीय हक्कांच्या श्रेणीवरून घेतलेलं. मूळ श्रेणी सात पायऱ्यांची. ती शून्य ते एक अशी बसवून घेतली. म्हणजे एक पायरी वर चढणं म्हणजे साधारण ०.१७ ची वाढ. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. उत्पन्न म्हणजे दरडोई उत्पन्नाचा लॉग, पाच वर्षांपूर्वीचा. आणि सोबत पाच वर्षांपूर्वीची लोकशाहीसुद्धा समीकरणात घेतली, कारण लोकशाही काही रातोरात उगवत नाही, काल होती तशीच ती बरीचशी आज असते.

आता पूल्ड रिग्रेशन. नावातच आहे सगळं: ९४५ ओळी एका हौदात ओतायच्या. कुठली ओळ भारताची, कुठली स्वीडनची, कुठली १९६५ ची, हे विसरायचं. (वर्षाचा परिणाम ते वेगळा काढतात, पण देशाची ओळख पुसलेली असते.) असं केल्यावर उत्पन्नाचा गुणांक येतो ०.०७२, आणि त्याची प्रमाण त्रुटी ०.०१०. भक्कम आकडा. मागच्या लोकशाहीचा गुणांक ०.७०६. हा परिणाम टप्प्याटप्प्याने साचत जातो हे धरलं, तर दीर्घकाळात ०.०७२ ला १ वजा ०.७०६ ने भागायचं, उत्तर ०.२४५. उत्पन्न दुप्पट झालं की त्याचा लॉग ०.६९ ने वाढतो. म्हणून दुप्पट उत्पन्नामागे लोकशाही ०.१७ ने वाढते. म्हणजे बरोबर एक पायरी! लिप्सेट खूश व्हावेत असं उत्तर.

मग त्यांनी प्रत्येक देशाला स्वतःचा एक स्थिर आकडा दिला. यालाच फिक्स्ड इफेक्ट म्हणतात. बाकी सगळं तेच. गुणांक ०.०७२ वरून ०.०१० वर घसरला. प्रमाण त्रुटी ०.०१० वरून ०.०३५ वर चढली. नातं गेलं.

कुठे गेलं? इथे जरा थांबू, कारण पुष्कळ विद्यार्थी इथे ‘नियंत्रण केलं म्हणून गेलं’ असं म्हणून पुढे जातात. ‘नियंत्रण’ या शब्दाने काहीच कळत नाही. काय काढून टाकलं, ते हाताने करून बघितलं पाहिजे.

एक अगदी छोटं, काल्पनिक उदाहरण घेऊ. तीन देश: अ, ब, क. प्रत्येकाच्या दोन नोंदी. अ चं उत्पन्न ६ होतं, ७ झालं. लोकशाही दोन्ही वेळा ०.२. ब चं ८ होतं, ९ झालं. लोकशाही दोन्ही वेळा ०.५. क चं १० होतं, ११ झालं. लोकशाही दोन्ही वेळा ०.८. सहा ठिपके कागदावर मांडा. डावीकडून उजवीकडे चढत जाणारे ठिपके दिसतात. हौदात ओतून रेषा काढली, तर तिचा उतार ०.१३७ येतो. श्रीमंत तितका लोकशाहीवादी, असं ठिपके सांगतात.

आता फिक्स्ड इफेक्ट. तो प्रत्यक्षात काय करतो? प्रत्येक देशाच्या आकड्यांतून त्या देशाची स्वतःची सरासरी वजा करतो. अ ची सरासरी ६.५, म्हणून अ चं उत्पन्न उरतं वजा अर्धा आणि अधिक अर्धा. ब चं तेच. क चंही तेच. तिन्ही देश एकमेकांवर येऊन बसले! आणि लोकशाही? अ ची ०.२ मधून ०.२ गेले, शून्य. ब ची शून्य, क चीही शून्य. उतार शून्य. ‘क हा अ पेक्षा श्रीमंत आहे आणि जास्त लोकशाही आहे’ ही गोष्ट आता आकडेवारीत शिल्लकच नाही. कोणी खोडली नाही, ती वजाबाकीत गेली.

किती गेलं, तेही मोजता येतं. उत्पन्नाच्या सगळ्या चढउताराची बेरीज, म्हणजे एकंदर सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग, इथे १७.५ आहे. त्यातले १६ देशादेशांमधल्या फरकाचे, आणि फक्त १.५ देशांतर्गत. म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त सामग्री आपण स्वतःच्या हाताने बाहेर टाकली, आणि उरलेल्या दीडावर निकाल दिला. आणखी एक गंमत बघा. नुसत्या तीन सरासऱ्यांवरून रेषा काढली, तर उतार ०.१५ येतो. देशांतर्गत उतार शून्य. पूल्डचा ०.१३७ म्हणजे या दोघांची भारित सरासरी: १६ भाग ०.१५ चे, दीड भाग शून्याचे, भागिले साडेसतरा. पूल्ड रिग्रेशन हे तिसरं, स्वतंत्र उत्तर नाही. ते दोन वेगळ्या प्रश्नांच्या उत्तरांचं मिश्रण आहे, आणि मिश्रणाचं प्रमाण कुठल्या फरकाची सामग्री जास्त, यावर ठरतं. तुम्ही ते ठरवत नाही.

मग सामग्री बाहेर टाकण्यात शहाणपण काय? आपल्या न्यायशास्त्रात ‘उपाधी’ नावाची कल्पना आहे. जिथे अग्नी तिथे धूर, ही व्याप्ती खरी नाही. ओलं सरपण असेल तरच धूर निघतो. ओलं सरपण ही उपाधी. थोडं ताणून म्हणतो, पण देशांच्या बाबतीतही तेच: उत्पन्न आणि लोकशाही एकत्र दिसतात, कारण दोघांच्या मागे कदाचित तिसरंच काही आहे. वसाहतीचा इतिहास, जमिनीच्या मालकीची जुनी पद्धत, धर्मसंस्थेचं राज्याशी नातं. या सगळ्यांची यादी करून प्रत्येकाचं माप घ्यायचं, तर जन्म पुरणार नाही. फिक्स्ड इफेक्टची खरी ताकद इथे आहे: उपाधीचं नाव माहीत नसलं तरी चालतं, माप नसलं तरी चालतं. ती अभ्यासाच्या काळात बदललेली नसली, एवढं पुरतं. जे बदलत नाही ते सरासरी वजा करताना आपोआप निघून जातं. यायर मुंडलाक या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये हे शेतीवर वापरलं. चांगला शेतकरी जास्त खतही घालतो आणि त्याचं पीकही जास्त येतं. मग पीक खताने आलं की अकलेने? अक्कल मोजता येत नाही. पण त्या दोन-चार वर्षांत शेतकऱ्याची अक्कल तीच राहते, म्हणून त्याच शेतकऱ्याची यंदाची आणि गेल्या सालची तुलना करा.

भारताचं उदाहरण घ्या. १९५० मध्ये आपण गरीब होतो आणि सार्वत्रिक प्रौढ मताधिकार स्वीकारला. पूल्ड रेषेच्या हिशेबात भारत ही जवळजवळ कायमची चूक आहे. रेषा म्हणते खाली असायला हवं, आपण वर. स्वातंत्र्यलढा, घटना समिती, डॉ. आंबेडकरांचं काम, १९६० पूर्वीचा सगळा वारसा भारताच्या त्या एका स्थिर आकड्यात जाऊन बसतो. मग उरतं काय? भारताच्या स्वतःच्या पातळीभोवतीचा चढउतार. त्यात आणीबाणीसारखा खड्डा येतो, ज्याचा दरडोई उत्पन्नाशी संबंध लावायला मी तरी धजावणार नाही.

इथवर निबंधाची बाजू. आता माझी तक्रार.

निबंधाच्या सारांशात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की, देशांचे फिक्स्ड इफेक्ट घातल्यावर उत्पन्न आणि लोकशाही यांच्यातला सांख्यिकी संबंध निघून जातो. हे वाक्य अगदी बरोबर आहे. पण वाचणारे, आणि शिकवणारेही, त्याचं भाषांतर ‘उत्पन्नाने लोकशाहीवर परिणाम होत नाही हे सिद्ध झालं’ असं करतात. ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ यात फरक आहे. आपल्याकडे अनुपलब्धी हे प्रमाण मानणाऱ्यांनीही अट घातली होती की, वस्तू असती तर दिसण्याजोगी हवी. इथे ती दिसली असती का?

आकडे पुन्हा बघा. ०.०१०, प्रमाण त्रुटी ०.०३५. दोन्ही बाजूंना दुप्पट त्रुटी धरली तर खरा आकडा वजा ०.०६ ते अधिक ०.०८ यांत कुठेही असू शकतो. आणि पूल्डचा आकडा कुठला होता? ०.०७२. तो या पट्ट्याच्या आत आहे! म्हणजे पाच वर्षांच्या परिणामापुरतं बोलायचं, तर जुन्या उत्तराला नव्या पद्धतीने खोटं ठरवलेलं नाही. तिची नजर तेवढी तीक्ष्णच नाही. सामग्री फेकली की नजर मंद होते, ही त्या वजाबाकीची किंमत. दीर्घकालीन हिशेबात मात्र लेखकांची बाजू जास्त बळकट आहे, हेही सांगितलं पाहिजे. तिथे मागच्या लोकशाहीचा गुणांकही ०.७०६ वरून ०.३७९ वर आला आहे. त्यामुळे पट्ट्याचं वरचं टोक धरलं तरी उत्पन्न दुप्पट झाल्यावर साधारण अर्धी पायरीच चढते, पूर्ण नाही. फक्त यात एक मेख आहे. थोड्या टप्प्यांच्या आकडेवारीत फिक्स्ड इफेक्ट आणि मागचा आकडा एकत्र घातले, की तो मागच्याचा गुणांक खऱ्यापेक्षा खाली ओढला जातो. हे स्टीफन निकेल यांनी १९८१ मध्ये दाखवलं. लेखकांना ते ठाऊक आहे आणि त्यासाठीची वेगळी गणितं त्यांनी केली आहेत, पण लोकांच्या तोंडी राहतो तो साधा फिक्स्ड इफेक्टचा आकडा.

दुसरी गोष्ट छताची. स्वीडन, स्वित्झर्लंड, अमेरिका हे देश या श्रेणीच्या माथ्यावर बसलेले आहेत. १९६० नंतर ते खूप श्रीमंत झाले. त्यांची लोकशाही वाढली का? वाढणार कुठे, माप एकावर संपतं. देशांतर्गत तुलनेत असा प्रत्येक देश ‘उत्पन्न वाढलं, लोकशाही हलली नाही’ अशी साक्ष देतो आणि उताराला शून्याकडे ओढतो. माझ्या खेळण्यातल्या क देशाला ०.८ ऐवजी १ द्या, म्हणजे लक्षात येईल: त्याचं न हलणं आणि अ चं न हलणं यांचा अर्थ एक नाही. अ हलू शकत होता. क ला जागाच नव्हती. बेनहबीब, कॉर्वालान आणि स्पीगल यांनी हे छत हिशेबात धरून गणित केलं, तेव्हा देशांचे फिक्स्ड इफेक्ट ठेवूनही उत्पन्नाचा संबंध परत दिसला.

तिसरी गोष्ट, ‘सगळ्यांना एकच उतार’ हे गृहीत. फिक्स्ड इफेक्ट प्रत्येक देशाला रेषेची उंची वेगळी देतो, चढण सगळ्यांची एकच ठेवतो. १९६० नंतरचा स्पेन आठवा. श्रीमंत झाला, आणि १९७५ मध्ये फ्रँको गेल्यावर लोकशाहीकडे वळला. तेलाच्या पैशाने श्रीमंत झालेला सौदी अरेबिया वळला नाही. दोघांची सरासरी काढली आणि शून्याजवळ आली, तर ते शून्य कोणाचं? चेर्वेलाती आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्याच नियतकालिकात दाखवलं की, पूर्वीच्या वसाहती आणि वसाहती नसलेले देश वेगळे केले, तर दुसऱ्या गटात उतार धन येतो आणि पहिल्यात ऋण. दोन विरुद्ध गोष्टी मिळून एक ‘काहीच नाही’ तयार झालं होतं.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: प्रश्न बदलला. लिप्सेट पिढ्यान्‌पिढ्यांच्या घडणीविषयी बोलत होते: शिक्षण, मध्यमवर्ग, शहरं. फिक्स्ड इफेक्टचा प्रश्न असा आहे की, चाळीस वर्षांच्या खिडकीत एखादा देश स्वतःच्या सरासरीपेक्षा, आणि जगाच्या त्या वेळच्या लाटेपेक्षा, जरा जास्त सधन झाला, तर पुढच्या पाच वर्षांत तिथे लोकशाही वाढते का. दुसरा प्रश्न वाईट नाही. धोरणकर्त्याला बहुतेक तोच हवा असतो. पण त्याचं उत्तर पहिल्या प्रश्नाला चिकटवता येत नाही. लेखकांचं श्रेय असं की त्यांना हे जाणवलं होतं. म्हणून ते पाचशे वर्षं मागे गेले, आणि तेवढ्या लांब पल्ल्यावर उत्पन्नातला बदल आणि लोकशाहीतला बदल हातात हात घालून जाताना त्यांना दिसले. त्यांचा अर्थ असा की, इतिहासाच्या काही वळणांवर देशांच्या वाटा फुटल्या आणि दोन्ही गोष्टी त्या वाटांबरोबर आल्या. असेल. पण मग ‘स्थिर आकडा’ हा उपाधी काढून टाकण्याचा चिमटा राहत नाही. ज्या वस्तूचा शोध घ्यायचा, तीच त्या आकड्यात गुंडाळून बाजूला ठेवलेली असते.

श्रोत्यांपैकी एका मुलीने मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: ‘सर, मग वापरायचं कोणतं?’ चांगला प्रश्न आहे, आणि तिच्याकडे जिल्ह्यांची आकडेवारी आहे असं तिने लिहिलंय, म्हणून नेमकं सांगतो.

आधी विचार, की तुझ्या जिल्ह्यांमध्ये न मोजलेलं, न बदलणारं असं काही आहे का, जे तुझ्या कारणाशीही जोडलेलं आहे. पाऊसमान, जमीन, जुनी संस्थानी राजवट. बहुधा असतंच. असेल तर पूल्ड उतार दूषित आहे, आणि ओळी कितीही वाढवल्या तरी तो दोष जात नाही. तेव्हा फिक्स्ड इफेक्ट. पण त्याआधी एक काम कर: तुझ्या कारणाच्या एकूण चढउतारातला किती भाग जिल्ह्यांतर्गत आहे ते मोज. मी साडेसतरातले दीड मोजले, तसं. तो भाग अगदीच बारीक असेल, तर जे उरलंय त्यात मोजणीच्या चुकाच जास्त असण्याचा धोका आहे. जिल्ह्याची सरासरी वजा केल्याने खरा फरक जातो, दरवर्षीची मोजणीची चूक जात नाही, आणि ती उताराला शून्याकडे ढकलते. तुझं कारण काळात बदलतच नसेल, समजा समुद्रापासूनचं अंतर, तर फिक्स्ड इफेक्टमध्ये त्याचा गुणांक येणारच नाही. संगणक ती ओळ गाळून टाकतो आणि पुष्कळांना ते कळतही नाही. आणि जिल्ह्यांचे न मोजलेले गुण तुझ्या कारणाशी खरोखरच असंबंधित असतील, म्हणजे योजना चिठ्ठ्या टाकून वाटली असेल, तर पूल्ड चालेल. सामग्री कशाला फेकायची? फक्त प्रमाण त्रुटी जिल्हावार गट धरून काढ. एकाच जिल्ह्याच्या दहा वर्षांच्या दहा ओळी म्हणजे दहा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत.

आणि शक्य असेल तर मुंडलाकचाच १९७८ चा उपाय कर. साध्या समीकरणात कारणाबरोबर त्याची जिल्हावार सरासरीही घाल. कारणाचा गुणांक मग बरोबर फिक्स्ड इफेक्टचाच येतो, आणि सरासरीचा गुणांक सांगतो की जिल्ह्याजिल्ह्यांमधला उतार त्याहून किती वेगळा आहे. माझ्या तीन देशांत पहिला शून्य आला असता आणि दुसरा ०.१५. दोन्ही आकडे तक्त्यात शेजारी शेजारी छाप. ‘इन्कम अँड डेमॉक्रसी’च्या तक्त्यात हे दोन असे शेजारी असते, तर ‘नातं गेलं’ असं कोणी म्हटलं नसतं. ते कुठे आहे, एवढंच विचारलं असतं.